राईस कुकरमध्ये बासमती गिच्च होतो, ब्राऊन राईसमध्ये कणी राहते: पाणी आणि वेळ नेमके कुठे चुकतात

आधी अडचण नीट सांगते, कारण ती एकदाच आलेली नाही. आमच्याकडे १.८ लिटरचा, ७०० वॅटचा साधा इलेक्ट्रिक राईस कुकर आहे. एकच खटका: खाली दाबला की भात शिजायला लागतो, वर उडाला की ‘वॉर्म’चा दिवा लागतो. शिट्टीचा कुकर नव्हे, तो विषय वेगळा. दोन वर्षांपूर्वी बाबांची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, साखर वाढली आणि त्यांच्यासाठी रोजचा भात ब्राऊन राईसचा सुरू झाला. बासमती रविवारी किंवा कोणी जेवायला असलं तरच.

ब्राऊन राईस लावला की खटका वेळेत पडायचा, झाकण उघडलं की दाणे फुटलेले दिसायचे, वाटायचं झाला. ताटात वाढला की बाबा शीत बोटांत दाबून दाखवायचे, आत पांढरा ठिपका. कणी राहिलेली. तळाला मात्र भात लागलेला. पाणी वाढवून पाहिलं, तर झाकणाच्या भोकातून फेस उतू जाऊन ओटाभर चिकट पाणी, आणि कणी होती तिथेच.

बासमतीची तऱ्हा वेगळी. दोन कपांचा भात सुंदर मोकळा व्हायचा, तांदळाच्या दीडपट पाण्यात. तेच प्रमाण धरून पाहुण्यांसाठी चार कप लावले की खालचा अर्धा भात गिच्च. आणि मी एकटी घरी असताना एक कप लावला, तरी दीडपटच पाणी, तर वरचे दाणे टचटचीत. तांदूळ तोच, पिशवी तीच, कुकर तोच. म्हणजे ‘बासमतीला दीडपट, ब्राऊनला दुप्पट’ हे जे आपण तोंडपाठ म्हणतो, त्यातच काहीतरी कमी आहे.

ते काय कमी आहे हे मला वजनकाटा हातात घेतल्यावर कळलं. पण त्याआधी कुकर थांबतो कशाने, हे सांगायला हवं, कारण सगळी गाठ तिथेच आहे.

कुकरला भात शिजलेला कळत नाही

भांडं उचललंत तर खाली तापणाऱ्या तव्याच्या मधोमध स्प्रिंगवर बसलेली एक छोटी गोल चकती दिसेल. तिच्या पोटात एक चुंबक असतो. भांड्यात मोकळं पाणी आहे तोवर भांड्याचं बूड शंभर अंशांच्या आसपास राहतं, कारण उकळतं पाणी त्याच्या वर तापत नाही. पाणी संपलं, थोडं तांदळात मुरलं आणि थोडं वाफ होऊन गेलं, की बूड एकदम तापायला लागतं. शंभराच्या काही अंश वर गेलं की त्या चुंबकाची ओढ सुटते आणि खटका उडतो. चुंबकाचा धातूच तसा निवडलेला असतो.

म्हणजे खटका पडणं याचा अर्थ ‘पाणी संपलं’ एवढाच. दाणा आतून शिजला की नाही, याच्याशी त्या चकतीचं देणंघेणं नाही. जपानमध्ये १९५५ साली तोशिबाने पहिला स्वयंचलित इलेक्ट्रिक राईस कुकर विकायला काढला. त्यात तर दोन भांडी होती आणि बाहेरच्या भांड्यात वेगळं मोजून पाणी घालायचं असे. ते पाणी साधारण वीस मिनिटांत आटायचं, मग तापमान चढायचं आणि कुकर बंद व्हायचा. पाणी हेच तिथे घड्याळ होतं. आजच्या साध्या कुकरमध्ये वेगळं पाणी नसतं, पण घड्याळ अजूनही पाणीच आहे. तुम्ही किती पाणी घातलं यावर कुकर किती मिनिटं चालणार हे ठरतं.

आता ब्राऊन राईसचं कोडं सुटायला लागतं. बासमतीच्या दाण्यावरचा कोंडा गिरणीत निघून गेलेला असतो, पाणी सरळ आत शिरतं. ब्राऊन राईसवर कोंड्याचा थर शाबूत असतो, त्यात तेलकटपणाही असतो, त्यामुळे पाणी आत जायला फार वेळ लागतो. शेवटी दोन्ही तांदूळ पितात ते पाणी जवळपास सारखंच. फरक पिण्याच्या वेगात आहे. आणि तो वेग कमी म्हणून जितकी जास्त मिनिटं उकळावं लागतं, तितकं पाणी वाफेवाटे जातं. ब्राऊन राईसला जे जादा पाणी लागतं ते तांदळासाठी नसतंच, ते वेळेसाठी असतं.

माझ्या कुकरचं माप कसं काढलं

हे तुम्ही तुमच्या कुकरवर एका दुपारी करू शकता, आणि करावंच, कारण माझे आकडे माझ्या भांड्याचे आणि माझ्या झाकणाचे आहेत.

भांड्यात अर्धा लिटर साधं पाणी मोजून घाला, झाकण लावा, खटका दाबा. भोकातून जोरात वाफ यायला लागली की घड्याळ बघा आणि बरोबर दहा मिनिटांनी बटण बंद करून प्लग काढा. झाकण न उघडता गार होऊ द्या, म्हणजे झाकणाला धरलेलं पाणीही परत आत पडेल. उरलेलं पाणी मोजा. माझ्याकडे ४०० मिली उरलं. दहा मिनिटांत १०० मिली गेलं, म्हणजे उकळी आल्यावर मिनिटाला १० मिली. हा एक आकडा हातात आला की अर्धं काम झालं.

जिथे संध्याकाळी दाब उतरतो, दिवे मंद होतात, तिथे ही चाचणी ज्या वेळी भात लावता त्याच वेळी करा. २३० व्होल्टऐवजी १९० आला की कुकरची ताकद जवळजवळ एक तृतीयांशाने घटते. आधण उशिरा येतं आणि वाफही कमी जाते, मग दुपारचं माप रात्री लागू पडत नाही.

दुसरा आकडा तांदूळ किती पाणी पितो याचा. कोरडा तांदूळ वजन करायचा आणि तुम्हाला आवडतो तसा झालेला भात वजन करायचा. माझ्याकडे ३०० ग्रॅम जुन्या बासमतीचा मोकळा भात ७२० ग्रॅम भरला. तांदळाने ४२० ग्रॅम, म्हणजे ४२० मिली पाणी धरलं. ब्राऊन राईसचा बोटचेपा भात ३०० ग्रॅमला ७५० ग्रॅम भरला, म्हणजे ४५० मिली. किती कमी फरक आहे बघा. आणि आपण एकाला दीडपट, दुसऱ्याला दुप्पट-अडीचपट पाणी घालतो.

आता हिशेब

कप म्हणजे कुकरसोबत येतो तो प्लास्टिकचा १८० मिलीचा. त्यात साधारण १५० ग्रॅम तांदूळ मावतो, म्हणजे ३०० ग्रॅम हे दोन कप झाले.

बासमती अर्धा तास भिजवलेला असेल तर आधण आल्यावर साधारण बारा मिनिटांत शिजतो. बारा मिनिटं म्हणजे १२० मिली वाफ. तांदळाचे ४२० आणि वाफेचे १२०, मिळून ५४० मिली. दोन कपांच्या बरोबर दीडपट. म्हणूनच माझा दोन कपांचा भात नेहमी साधायचा.

चार कप लावले तर तांदूळ दुप्पट पाणी पिणार, ८४० मिली. पण वाफ दुप्पट होत नाही. तवा तोच, झाकण तेच, आधण यायला थोडा वेळ जास्त लागेल, पण आधण आल्यानंतरची मिनिटं जवळपास तेवढीच. म्हणजे १२० ते १३० मिली. एकूण ९७० च्या आसपास. मी दीडपटीने १०८० घालत होते. शंभरावर मिली जादा, आणि ते सगळं तळाच्या भातात उतरायचं. एका कपाला याच्या उलट: तांदळाला २१०, वाफेला १२०, म्हणजे ३३० हवं आणि मी २७० घालत होते.

पाण्याचे हे दोन भाग वेगळे धरायचे. तांदळाचं पाणी तांदळाबरोबर वाढतं, वाफेचं पाणी मिनिटांबरोबर वाढतं. एकाच ‘पटी’त दोन्ही बांधले की कधी ना कधी फसणारच.

माझ्या आईचं माप बोटाच्या पेराचं. तांदूळ सपाट करून त्यावर बोट टेकवायचं, पहिल्या पेरापर्यंत पाणी. त्या मापात खरं शहाणपण आहे, कारण तांदळाच्या वरचं पाणी किती माणसांचा भात आहे यावर बदलत नाही. पण भांड्याच्या रुंदीवर ते फार अवलंबून आहे. माझ्या कुकरचं भांडं आतून १९ सेंटिमीटर रुंद आहे, त्यात पेरभर पाणी म्हणजेच साडेसहाशे मिलीच्या वर. चार कप बासमतीवर हे माप चपखल बसतं. दोन कपांवर घातलं की भात गिच्च. आईच्या पातेल्याला आणि तिच्या घरच्या माणसांच्या संख्येला ते बेतलेलं होतं, म्हणून तिचं कधी चुकलं नाही.

ब्राऊन राईसकडे येऊ. न भिजवता लावला तर आधण आल्यावर पस्तीसेक मिनिटं लागतात. पस्तीस मिनिटं म्हणजे ३५० मिली वाफ. तांदळाचे ४५० धरून ८०० मिली. दोन कपांना सव्वादोन पटीच्या जरासं आत. मी दुप्पट, म्हणजे ७२० घालत होते. ८० मिली कमी, म्हणजेच आठ मिनिटं कमी. कणी राहत होती ती नेमकी या आठ मिनिटांची.

मग मी पाणी वाढवलं तेव्हा का जमलं नाही? कारण ते पाणी घड्याळात गेलंच नाही, ओट्यावर गेलं. ब्राऊन राईसचा फेस दांडगा असतो, आणि तो फेस भोकातून बाहेर पडतो तेव्हा मिनिटाला १० मिली हा हिशेब कोसळतो. दोन-तीन मिनिटांत शंभर मिली सांडतं, उरलेलं लवकर संपतं, खटका पडतो, आणि आपण म्हणतो ‘एवढं पाणी घालूनही कच्चा’. उतू गेलेल्या भाताची कणी आणि कमी पाण्याची कणी दिसायला सारखीच असते. ओटा पुसायच्या आधी त्याच्याकडे नीट बघा, कारण कळतं ते तिथूनच.

भिजवण्यानं वेळ वाचतो, पण इथेच सर्वात मोठी चूक होते

ब्राऊन राईस आठ तास भिजला तर आधण आल्यावर बावीस-तेवीस मिनिटांत शिजतो. वाफेचे १२०-१३० मिली वाचतात, फेस कमी होतो, उतू जाणं जवळपास थांबतं. साध्या खटक्याच्या कुकरमध्ये ब्राऊन राईस करायचा तर भिजवणं हाच मला खरा उपाय वाटतो. नुसतं पाणी वाढवत राहणं नाही. एकूण पाणी तांदळाचे ४५० आणि वाफेचे २२०, मिळून ६७० मिली. आधण यायला आठेक मिनिटं, मग बावीस मिनिटं, म्हणजे अर्ध्या तासात खटका पडतो. त्यानंतर झाकण न उघडता पंधरा मिनिटं वाफेत मुरू द्यायचा. बासमतीला हेच गणित वीस मिनिटं आणि वर दहा.

आता चूक. भिजवलेला तांदूळ निथळून, वर पुन्हा कोरड्या तांदळाइतकंच पाणी मोजून घालणं. भिजताना तांदूळ पाणी पिऊन बसलेला असतो. माझ्याकडे ३०० ग्रॅम बासमती अर्ध्या तासाने रोवळीत नीट निथळला तेव्हा ३९० ग्रॅम भरला. ९० मिली पाणी आधीच आत आहे. त्यावर ५४० घातलं तर खरं पाणी ६३० होतं. ‘भिजवला की बासमती चिकटतो’ अशी तक्रार मी कितीजणींकडून ऐकली आहे, त्यातल्या बहुतेकींचा तांदूळ चांगला होता, हे ९० मिली मोजायचे राहिले होते.

यावर सगळ्यात सोपी वाट म्हणजे बासमती तीन पाण्यांनी धुवायचा, निथळायचा, मग कुकरच्या भांड्यातच मोजलेल्या ५४० मिली पाण्यात अर्धा तास भिजत ठेवायचा आणि त्याच पाण्यात शिजवायचा. निथळणं नाही, वजाबाकी नाही. धुतल्यावर दाण्यांना वीस-तीस मिली पाणी चिकटून येतं. ते दर वेळी तेवढंच येतं, म्हणून एकदा भात जरा मऊ वाटला तर मापातून तेवढं कमी करून टाका.

ब्राऊन राईसचं भिजवलेलं पाणी मी फेकते, कारण रात्रभरात त्याला वास येतो. म्हणून तिथे काटा वापरते. रिकाम्या भांड्याचं वजन एकदा लिहून ठेवलं आहे. निथळलेला तांदूळ भांड्यात घातला की काट्यावर ठेवते आणि तांदूळ व पाणी मिळून ९७० ग्रॅम होईपर्यंत पाणी ओतते. ३०० तांदळाचे, ६७० पाण्याचे. आत किती मुरलं, वर किती चिकटलं, काही मोजावं लागत नाही.

एप्रिल-मेमध्ये ब्राऊन राईस ओट्यावर रात्रभर भिजवू नका. सकाळी फेसाळ पाणी आणि आंबूस वास येतो. फ्रिजमध्ये ठेवा. आदल्या रात्री विसरलात तर हाताला जेमतेम सोसेल इतक्या गरम पाण्यात दोन तास ठेवा, काम भागतं. वाफेचं पाणी मात्र मग मी पन्नास मिलीने वाढवते.

बिघडलेला भात काय सांगतो

शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, ती पातेल्यातल्या ढवळलेल्या भाताची. कुकरमध्ये भात ढवळला जात नाही, म्हणून एका शिताने भागत नाही. वरचं एक, मधलं एक आणि तळाचं एक, अशी तीन शितं काढा आणि बोटांत चेपा.

वरचं कडक, मधलं बरं, तळाचं शिजलेलं किंवा लागलेलं, असं असेल तर पाणी लवकर संपलं. एक तर कमी घातलं, नाही तर सांडलं. तिन्ही शितांत मधे पांढरा ठिपका आणि बाहेरून दाणा फुटलेला, असं असेल तर तो ब्राऊन राईस न भिजवता लावलेला आहे. पाणी बाहेरच्या बाजूने घुसलं, आतपर्यंत पोचायला मिनिटं मिळाली नाहीत. वरचं छान आणि तळाचं गिच्च, तर पाणी जादा. अशा वेळी बासमतीला दोष देऊ नका, पुढच्या वेळी दोन कपांना ३०-४० मिली कमी करून बघा. नव्या बासमतीला तर तेवढं कमीच लागतं. जुना तांदूळ जास्त पाणी पितो आणि मोकळा राहतो, म्हणून नवी पिशवी उघडली की पहिला भात नेहमी दोनच कपांचा लावून बघते.

तिन्ही शितं कच्ची आणि भांड्यात पाणी तसंच, पण खटका पडलेला, हे झालं तर दोष पाण्याचा नाही. भांडं उचलून बघा. बुडाला किंवा त्या गोल चकतीवर एखादं वाळलेलं शीत चिकटलेलं असतं. चकती भांड्याला नीट टेकत नाही, तव्याच्या झळीनेच तापते आणि अवेळी सुटते. भांड्याचं बूड बाहेरून ओलं ठेवलं, पडून चेपलं, तरी असेच घोळ होतात. प्रत्येक वेळी बूड कोरडं पुसून, भांडं बसवल्यावर डावीउजवीकडे जरा फिरवून घ्यायची मला आता सवय झाली आहे.

कणी राहिलेला भात वाया घालवायचं कारण नाही. आणखी किती मिनिटं हवीत ते ठरवा, प्रत्येक मिनिटाला १० मिली याप्रमाणे उकळतं पाणी कडेकडेने सोडा आणि खटका पुन्हा दाबा. ब्राऊन राईसला बहुधा ८० ते १०० मिली पुरतं. खटका खाली राहत नसेल तर ओढाताण करू नका, त्यात काडी अडकवण्याचा प्रकार तर कधीच नको. चुंबक अजून तापलेला असतो, पाच-सात मिनिटांत निवला की आपोआप धरतो. गिच्च झालेल्या बासमतीला मात्र परत मोकळं करता येत नाही. परातीत पसरून पंख्याखाली दहा मिनिटं ठेवला तर वरचा ओलावा उडतो, फोडणीच्या भाताला चालतो, एवढंच.

उतू जाण्यावर: भांडं अर्ध्याच्या वर भरेल इतका ब्राऊन राईस लावू नका. माझ्या १.८ लिटरमध्ये मी न भिजवलेला दीड कपाच्या पुढे नेत नाही, भिजवलेला अडीच कप नेते. चमचाभर तेल घातलं की फेस बसतो. झाकण सरकवून ठेवायचा उपाय पुष्कळजणी करतात, पण मग वाफ जास्त जाते आणि वरची सगळी मापं बदलतात. तसंच करायचं असेल तर मिनिटाला किती मिली जातं, ती पहिली चाचणी झाकण सरकवूनच करा.

नावाने फसवणारे तांदूळ आणि कप

पिशवीवर ‘ब्राऊन बासमती’ लिहिलेलं असतं. लांब दाणा बघून बासमतीचं पाणी घातलं तर हमखास कणी राहते. कोंडा अंगावर आहे म्हणजे कुकरच्या दृष्टीने तो ब्राऊन राईसच, त्याच्याच मापाने लावा. हातसडीचा तांदूळ मधला. सडताना थोडा कोंडा गेलेला असतो, किती गेला हे सडणाऱ्यावर आहे, म्हणून न भिजवता आधी वीस मिनिटांच्या वाफेचं पाणी धरून बघा आणि पुढे घटवा-वाढवा. कोकणात आणि गोव्यात खातात तो उकडा तांदूळ मी या कुकरमध्ये लावतच नाही. तो भरपूर पाण्यात शिजवून निथळायचा तांदूळ आहे, त्याची पेज हवी असते, आणि खटक्याचा कुकर पाणी संपल्याशिवाय थांबत नाही.

कपाचं म्हणाल तर सोबत आलेला कप हरवतो आणि घरातली वाटी त्याची जागा घेते. वाटी दीडशे मिलीची, भांड्यातल्या रेघा मात्र १८० मिलीच्या कपासाठी आखलेल्या. दोन वाट्या तांदूळ आणि ‘२’च्या रेघेपर्यंत पाणी, म्हणजे तांदूळ साठ मिली कमी आणि पाणी पूर्ण. भात मऊ होणारच. परदेशात उलटं होतं. अमेरिकेतला मोजायचा कप २४० मिलीचा. माझी नणंद तिथे तो वापरून रेघेपर्यंत पाणी घालायची आणि महिनोन् महिने कडक भात खात होती. १८० हा जपानी ‘गो’ या मापातून आलेला आकडा आहे, तो घरच्या कुठल्याच कपाशी जुळत नाही. तांदूळ आणि पाणी एकाच भांड्याने मोजलं तर पट तरी बरोबर राहते. रेघ वापरायची तर कपही त्याच डब्यातला हवा.

ज्यांच्याकडे बटणांचा, ‘ब्राऊन’ असं वेगळं बटण असलेला महागडा कुकर आहे, त्यांनी माझी ८०० आणि ६७० ही मापं घेऊ नयेत. त्या कुकरला आत तापमान मोजायची सोय असते, तो आधी कोमट पाण्यात तांदूळ भिजवतो, नंतर आच कमीजास्त करतो आणि झाकण घट्ट असल्यामुळे वाफ फारच कमी सोडतो. तिथे भांड्यातली ब्राऊन राईसची वेगळी रेघ असते, तीच पाळा. तास-सव्वा तास लागतो म्हणून मधे पांढऱ्या भाताचं बटण दाबू नका, त्याने भिजवायची पायरीच गळते.

शेवटचं ‘वॉर्म’बद्दल. बासमती दहा मिनिटं मुरला की हलक्या हाताने, कडेकडेने उलथन्याने मोकळा करा आणि अर्ध्या तासात वॉर्म बंद करा, नाही तर कडेचा भात कडक होऊन खालून खरपतो. ब्राऊन राईस वॉर्मवर तासभर चांगला राहतो, उलट जरा मऊच होतो, बाबांना तसाच आवडतो. पण बंद केलेल्या कुकरमध्ये झाकण लावून भात रात्रभर ठेवू नका. कोमट भातात जंतू भराभर वाढतात आणि त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. जेवणं झाली की पसरट डब्यात काढा आणि तासाभरात फ्रिजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी गरम करताना कपभर भातावर चमचाभर पाणी शिंपडून झाकण ठेवलं की ब्राऊन राईसही पुन्हा बोटचेपा होतो.